समईची किंमत आधी, घडण मागाहून

नव्या मालाची किंमत काढायला बसलेला कारखानदार बहुधा खर्चापासून सुरुवात करतो. पितळ इतक्याचे, मजुरी इतकी, भाडे-वीज इतके, वर वीस टक्के, झाली किंमत. आपल्यासारखा माल दुसरे कोणी करत नसेल तर हा हिशेब चालतो. समईला तो चालत नाही. कुंभकोणमच्या बाजारात समई घ्यायला आलेल्या माणसाने आधीच्या चार दुकानांत भाव विचारलेला असतो, आणि तुमची समई तुम्हाला कितीला पडली याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते.

या परिसरात समईचा धंदा जुना आहे. नाचियारकोविलच्या कुत्तुविळक्कुला, म्हणजे तिथल्या उभ्या समईला, भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. बुंधा, दांडा, तेलाची वाटी आणि वरचा हंस असे भाग वेगवेगळे ओतून, लेथवर कातून, आट्यांनी एकमेकांत बसवायचे, ही तिची घडण. समजा, तुम्हाला कुंभकोणमजवळच चोळपुरम्ला एक लहानशी ओतशाळा काढायची आहे आणि दीड फुटी समई बाजारात आणायची आहे. (नाव मात्र नाचियारकोविलचे लावता येणार नाही; मानांकन मिळालेले नाव वापरायला अधिकृत नोंद लागते.) ही समई आपण उलट्या बाजूने, म्हणजे दुकानातल्या किमतीपासून मुशीपर्यंत, मोजत जाऊ. पुढचे रुपयांचे आकडे मोजणीसाठी धरलेले आहेत. त्यांच्या जागी तुमचे आकडे घाला, पायऱ्या त्याच राहतील.

पहिला प्रश्न किमतीचा नाही, विकण्याच्या रीतीचा आहे. तुमची समई नगावर विकली जाणार की किलोवर? पितळी समया अनेक दुकानांत वजनकाट्यावर विकल्या जातात. भेटवस्तूंच्या दुकानांत, लग्नाच्या आहेरासाठी आणि शहरांतल्या हस्तकला भांडारांत मात्र त्या नगावर जातात. पुढचा सगळा हिशेब या एका उत्तरावर फिरतो. नगावर विकणाऱ्याने समईतले पाव किलो पितळ वाचवले तर ते त्याच्या खिशात येते. किलोवर विकणाऱ्याने तेच केले तर त्याची विक्रीच पाव किलोने घटते. त्याने उलटा हिशेब घडणावळीवर करावा: दुकानदार किलोला जो दर देतो त्यातून धातूचा दर वजा करायचा आणि उरलेल्या रकमेत ओतणे, कातणे, पॉलिश, नफा हे सगळे बसवायचे. आपण इथे नगावर विकणाऱ्याचे उदाहरण घेतो आहोत. किलोवाल्याला ते कुठे लागू पडत नाही तेही वाटेत येईल.

बाजारात फिरल्यावर असे दिसले, असे धरू, की या उंचीच्या, या नक्षीच्या समईला गिऱ्हाईक ३,१५० रुपये देते. हा भाव दोन-तीन दुकानांत, सणाआधी आणि सणानंतर, असा दोन्ही वेळा बघायला हवा. दसरा-दिवाळीच्या आधी मिळणारा भाव वर्षभर मिळतो असे धरून बसलेले लोक मार्चमध्ये अडकतात. ३,१५० मध्ये जीएसटी आहे. विक्रीवरचा दर आपण ५ टक्के धरू. तुमच्या वस्तूचा दर करसल्लागाराकडून पक्का करून घ्या. कर काढला की ३,००० उरतात. दुकानदाराला त्यातले २५ टक्के, म्हणजे ७५० लागतात. तुमच्या हातात येतात २,२५०.

आता नफा. वर्षाकाठी भांडवलावर किती सुटले पाहिजे, कर्जाचा हप्ता किती, पुढच्या वर्षी नवी लेथ घ्यायची आहे का, हे बघून टक्का ठरवायचा असतो. आपण १६ टक्के धरू. पण हे १६ टक्के विक्रीच्या किमतीचे आहेत. २,२५० चे १६ टक्के म्हणजे ३६०, आणि उरलेले १,८९० हा तुम्हाला परवडणारा खर्च. अनेकजण १६ टक्के खर्चावर चढवतात. १,८९० वर १६ टक्के चढवले तर ३०२ होतात. एका समईमागे ५८ रुपये कुठे गेले ते मग वर्षअखेरीला समजत नाही.

इथवर पोचेपर्यंत एक गोष्ट मुद्दाम केलेली नाही: स्वतःच्या ओतशाळेकडे पाहिलेले नाही. १,८९० हा आकडा बाजाराने आणि तुमच्या नफ्याच्या गरजेने ठरवला. तो आधी कागदावर लिहून भिंतीला लावा, मगच खर्च मोजायला बसा. क्रम उलटला, की खर्च आधी डोक्यात बसतो आणि बाजारभाव त्याला सोयीचा दिसू लागतो.

आता सध्याच्या घडणीत समईला किती पडते ते बघू. तयार समई दोन किलोची आहे आणि पितळ ६०० रुपये किलो. पण दोन किलोची समई करायला मुशीत तीन किलो पितळ वितळवावे लागते. त्यातले ७०० ग्रॅम रस वाहून नेणाऱ्या वाटांत, म्हणजे रनर-रायझरमध्ये अडकते आणि तोडून परत मुशीत जाते. साधारण २१० ग्रॅम लेथवर चुरा होऊन पडते. उरलेले ९० ग्रॅम जळतात. पितळ तांबे आणि जस्ताचे. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि पितळाचा रस ओतण्याजोगा पातळ होतो तोही त्याच सुमाराला किंवा वर. म्हणून रस गरजेपेक्षा जास्त तापला की पांढरा धूर निघतो. तो धूर म्हणजे विकत घेतलेले जस्त हवेत चाललेले असते, आणि कामगाराच्या छातीलाही ते वाईट. परत जाणाऱ्या ७०० ग्रॅमची किंमत खर्चात धरायची नाही, कारण ते पितळ तुमच्याकडेच राहते. जळालेल्याची पूर्ण किंमत धरायची, आणि चुऱ्यात तेल-माती मिसळल्याने त्याचा दर किलोमागे शंभराने उतरतो, तेवढा उतार धरायचा. असे मिळून समईमागे धातू १,२७५ रुपयांचा होतो.

बाकीचे असे: वितळवण्याचे इंधन आणि मुशीची झीज ९०, साचे करणे २१०, लेथकाम १९०, आट्या पाडून जोडणी आणि पॉलिश १६०, बाद नगांचा भार ६०, खोके ५५, आणि शेडचे भाडे, वीज, देखरेख यांचा वाटा १२०. बाद नगांचे साठ रुपये आपल्याकडे बहुतेकदा लिहिलेच जात नाहीत, कारण बाद नगाचे पितळ परत मुशीत जाते आणि काही नुकसान झाले असे वाटत नाही. पण त्याचा साचा, इंधन, जळालेले जस्त आणि कधी कधी लेथकामही गेलेले असते. शंभरात बारा नग बाद होत असतील आणि त्यातले निम्मे कातल्यावर लक्षात येत असतील, तर चांगल्या प्रत्येक समईवर साठाच्या आसपास भार पडतो. सगळे मिळून २,१६० झाले. परवडणाऱ्या खर्चापेक्षा २७० जास्त.

हे २७० रुपये घडणीतूनच काढायचे आहेत, आणि ते नमुना पक्का होण्याआधी. साचे एकदा तयार झाले, कामगाराचा हात बसला, की धातूचे वजन, सांध्यांची संख्या, कातायचे पृष्ठ हे सगळे ठरून गेलेले असते. मग फारफार तर मजुरीवर घासाघीस उरते.

काय काढायचे हे ठरवताना गिऱ्हाईक पैसे कशाला देते ते विचारा. समई उंच हवी, झळकली पाहिजे, वरचा हंस ठसठशीत हवा, तेल गळता कामा नये आणि पोराचा धक्का लागून पडता कामा नये. दांडा आतून भरीव आहे की पोकळ, बुंध्याची आतली बाजू चकचकीत आहे की नाही, याला कोणी पैसे देत नाही. पुण्यात टाटा मोटर्सच्या गिरीश वाघ यांच्या गटाने नॅनो याच उलट्या हिशेबाने बांधली. एक लाख रुपये हा आकडा आधी होता आणि गाडी त्यात बसवायची होती. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती उभी राहिली तेव्हा तिच्या चाकाला तीन नट होते, पुढच्या काचेला एकच वायपर होता आणि मागचा दरवाजा बाहेरून उघडतच नव्हता. चाकाला एक नट कमी आहे याची ग्राहकाला कधी आठवण झाली नसेल. मागे सामान ठेवताना मात्र त्याला रोज कळत होते की आपल्याकडे काय नाही. २०१५ च्या नव्या नॅनोला उघडणारा मागचा दरवाजा द्यावा लागला. तीन नट आणि न उघडणारे दार, दोन्ही खर्चकपातच. माझ्या मते पहिली चोख होती आणि दुसरी चुकीच्या ठिकाणी केलेली.

समईत सर्वात मोठी रक्कम धातूची, म्हणून आधी वजन. पण वजन कुठून कमी करायचे यात सगळी गोम आहे. बुंध्यातले पितळ काढले तर समई हलते, आणि वरच्या वाटीत तेल भरले की गुरुत्वमध्य आणखी वर जातो. वजन वरून काढायचे. दांड्यात वाळूचा गाभा घालून तो पोकळ ओतला तर २२० ग्रॅम वाचतात आणि समई उलट जास्त स्थिर होते, कारण आता तिच्या वजनाचा मोठा वाटा तळाशी असतो. २२० ग्रॅमचे १३२ रुपये वाचले, गाभा करायला २२ लागले, निव्वळ बचत ११०. भिंत किती पातळ करावी याला मर्यादा आहे. अशा वाळूच्या साच्यात ३ मिलिमीटरच्या आसपास खाली गेलात की रस टोकाला पोचण्याआधीच गोठू लागतो आणि कडेला भोके किंवा अर्धवट भरलेले काठ दिसतात. नवा नमुना पक्का करण्याआधी समई तेल भरून पाटावर ठेवा, पाट एका बाजूने हळूहळू उचला आणि ती किती कलल्यावर पडते ते जुन्या नमुन्याशी ताडून बघा. जुन्यापेक्षा लवकर पडली तर वाचवलेले पितळ बुंध्यात परत घाला.

किलोवर विकणाऱ्याने हा पोकळ दांडा करू नये. त्याला दुकानदाराकडून किलोला १,१२५ मिळत असतील तर २२० ग्रॅम कमी झाल्याने विक्री सुमारे २४८ रुपयांनी घटेल आणि बचत होईल ११० ची.

आता रस वाहण्याच्या वाटा. ७०० ग्रॅम परत जाणारे पितळ बघून तिथे मोठी बचत दडली आहे असे वाटते. एका वाटेवर दोन भाग जोडून ओतले आणि हे परतीचे पितळ ४४० ग्रॅमवर आणले, दांडाही पोकळ झाला, तर मुशीत तीनऐवजी अडीच किलो पितळ लागते. पण ते पितळ आपल्याकडेच राहत होते, त्यामुळे वाचते ते फक्त त्याला पुन्हा वितळवण्याचे इंधन आणि त्या फेरीत जळणारे जस्त. समईमागे पंधरा आणि नऊ, मिळून चोवीस रुपये. करायला हवेच, पण डोळ्यांना जेवढे दिसते तेवढे ते नाही.

लेथवर दांड्याच्या सात कड्यांपैकी पाच ठेवल्या आणि नमुन्यावर कातण्यासाठी सोडलेला जादा थर कमी केला, तर पस्तीस रुपये वाचतात. बुंध्याच्या आतल्या बाजूला पॉलिश केले नाही तर तीस. दांड्याचे दोन तुकडे एकत्र ओतून एक सांधा कमी केला तर साच्यात पंचवीस आणि जोडणीत पंधरा. इथे एक सावधगिरी: सांधा कमी झाला म्हणजे समई कमी तुकड्यांत सुटणार, आणि लांब दांड्याचा एक भाग बाद झाला तर जास्त पितळ आणि जास्त काम बाद होते. म्हणून हा बदल पहिल्या वीस-पंचवीस नगांवर वेगळा मोजावा.

बाद नगांचे प्रमाण बारावरून नऊवर आले, तर त्यातही वीस रुपये सुटतात. गाभा नीट वाळवलेला नसला तर रस पडताच त्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती पितळात बुडबुडे सोडते. वरून काही दिसत नाही; कातल्यावर बारीक छिद्रे उघडी पडतात, नाहीतर वाटीत रात्रभर ठेवलेले तेल सकाळी बाहेरून ओलसर लागते. प्रत्येक खेपेतल्या दोन वाट्यांत रॉकेल भरून रात्रभर ठेवले तर हा दोष लेथच्या आधी सापडतो, आणि बाद नगातले लेथकाम तरी वाचते.

सगळ्याची बेरीज २५९ झाली. समई आता १,९०१ रुपयांना पडते. अकरा रुपये अजून जास्त आहेत.

अकरा रुपयांकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो. अकरा रुपयेच तर आहेत, नफा ३६० ऐवजी ३४९ धरू. असे एकदा केले की पुढच्या समईला तीस धरले जातात आणि परवडणारा खर्च हा आकडा भिंतीवर नुसता लटकत राहतो. या पद्धतीचा कणा एवढाच आहे, की त्या खर्चात न बसणारा माल बाजारात न्यायचा नाही. हे कडक वाटते, पण टोयोटात हीच रीत साठच्या दशकापासून चालत आली आहे आणि तिथेही गाडी आखतानाच सुट्या भागांच्या पुरवठादारांसह हे गणित सोडवले जाते.

अकरा रुपये कसे काढायचे नाहीत, तेही सांगायला हवे. शेडच्या १२० रुपयांत ते पटकन सापडतात: महिन्याला जास्त समया विकल्या जातील असे लिहिले की वाटा ११० वर येतो. समईत काहीच बदललेले नसते, फक्त अंदाज फुगवलेला असतो आणि विक्री झाली नाही तर वाटा १३० होतो. उलटा हिशेब फसतो तो बहुतेक वेळा इथेच. दुसरी पळवाट मजुरी. साचेवाल्याची मजुरी नगामागे पंधराने कमी केली तर तो तेच काम घाईने करतो आणि ती बचत बाद नगांच्या रकान्यात परत जाते.

खरी वाट खोक्यात होती. समई जोडलेली पाठवली तर खोके दीड फूट उंच लागते. आट्या सोडून, भाग कागदात गुंडाळून एकमेकांशेजारी ठेवले, तर खोके अर्ध्या उंचीचे होते आणि हंसाची मान वाकण्याची तक्रारही थांबते. खोके ५५ वरून ४२ वर आले, तेरा रुपये वाचले, खर्च १,८८८. दुकानदाराला त्याच टेम्पोत जास्त खोकी मावतात. पुढच्या वर्षी त्याच्याशी पंचवीस टक्क्यांबद्दल बोलायला हे कारण हाताशी राहते.

आता धातूच्या दराचे. समईच्या खर्चातला जवळजवळ साठ टक्के भाग पितळाचा आहे आणि त्याचा भाव तुमच्या हातात नाही. पितळ ६०० चे ६३० झाले तर समईमागे सुमारे ५६ रुपये वाढतात आणि नफा ३०६ वर येतो, म्हणजे १६ ऐवजी साडेतेरा टक्के. पितळाचा दर कमी होईपर्यंत घडण बदलत बसण्यात अर्थ नाही. दुकानदाराशी सौदा करतानाच धातूचा दर वेगळा लिहावा आणि तो एका ठरावीक मर्यादेपलीकडे हलला तर किंमत पुन्हा ठरेल अशी ओळ ऑर्डरवर घालावी. पितळाच्या खरेदीवर १८ टक्के जीएसटी आणि समईवर ५, अशी स्थिती असेल तर विक्रीचा कर वळता करूनही तुमचे काही पैसे सरकारकडे अडकून राहतात. परतावा मागता येतो, पण तो येईपर्यंतचे व्याज शेडच्या वाट्यात धरलेले आहे का, ते बघा.

पहिल्या पन्नास समया झाल्या की काटा करा. प्रत्येक मुशीत किती पितळ घातले, किती रनर परत आले, किती चुरा निघाला, तयार समया आणि बाद नग मिळून किती वजन भरले, हे चार आकडे एका वहीत ओळीने लिहायचे. घातलेल्यातून बाकीचे वजा करून जे उरते ती खरी जळ आहे. ती तीन टक्क्यांच्या वर जात असेल तर रस जास्त तापतो आहे किंवा चुरा भट्टीत न गाळता टाकला जातो आहे. तयार समईचे वजन १,७८० ग्रॅमच्या वर सरकत असेल तर गाभा बारीक पडतो आहे आणि भिंत जाड होते आहे. दांडा मध्यावर कापून दोन्ही बाजूंच्या भिंती मोजल्या की ते दिसते. एक समई त्यासाठी बळी द्यावी लागेल, बाद नगांतलीच घ्या.